‘सर, मी मेसेज केला होता’ : अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्याची दुसरी भरती

मी सोलापुरात छोट्या कारखान्यांसाठी माणसं शोधून देते. हे प्रकरण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल निर्यातदाराचं आहे. मालकांच्या संमतीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

कारखाना मध्यम आकाराचा. लूमच्या आवाजात ऑफिसात फोनवर बोलायचं तर ओरडावं लागतं. वरच्या पोटमाळ्यावर मालक, हिशेबनीस आणि एक मुलगा बसतो. चौथी खुर्ची टाकली तर दार उघडत नाही. निर्यातीची कागदपत्रं सांभाळणारं आणि जर्मनीतल्या खरेदीदारांशी मेलवर बोलणारं माणूस हवं होतं. असा अनुभव असलेली माणसं पुण्या-मुंबईत. सोलापुरात राहायला यायला कुणी तयार होईना. म्हणून घरून काम करणारा माणूस घ्यायचं ठरलं. पहिल्या वेळी भरती मालकांनी स्वतःच केली, माझा संबंध नव्हता. माझ्याकडे ते आले तेव्हा तो माणूस सोडून गेला होता आणि त्यांचं मत पक्कं झालं होतं : ‘मॅडम, घरून काम करणारी पोरं कामं करत नाहीत. डोळ्यासमोर पाहिजेत.’

मी त्यांना म्हटलं, आधी त्या सोडून गेलेल्या मुलाचे सगळे मेल आणि मेसेज दाखवा.

गड्ड्याच्या दिवसांतला कंटेनर

मुलगा पुण्याचा. मुलाखत व्हिडिओवर झाली होती, चाळीस मिनिटं. इंग्रजी उत्तम, आत्मविश्वास भरपूर, अर्जात ‘सेल्फ मोटिव्हेटेड’ असं ठळक अक्षरात. (हा शब्द नसलेला अर्ज मी गेल्या दहा वर्षांत पाहिलेला नाही, त्यामुळे त्याला माझ्या लेखी काही वजन नाही.) ऑफर लेटर एका पानाचं : पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि ‘कामाची वेळ कार्यालयीन वेळेनुसार’.

पहिले तीन महिने ठीक गेले. मग जानेवारी आला. 12 तारखेच्या रात्री कारखान्यात कंटेनर भरला गेला आणि न्हावा शेव्याच्या बंदराकडे निघाला. कार्टनची अंतिम संख्या आणि वजन खात्यावर देखरेख करणाऱ्या मास्तरांच्या वहीत लिहिलेलं होतं. हे आकडे शिपिंग लाईनला ठरलेल्या वेळेआधी कळवावे लागतात, तेव्हाच बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचा, मसुदा तयार होतो. ती शेवटची वेळ होती 14 तारखेला संध्याकाळी पाच.

मुलाने 14 तारखेला सकाळी अकराला मास्तरांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं : ‘फायनल वेट पाठवा प्लीज.’ दुपारी दोनला पुन्हा एक प्रश्नचिन्ह. साडेतीनला आणखी एक. पाच वाजून गेले. सहाला मालकांनी सहज फोन केला तेव्हा कळलं की आकडे गेलेलेच नाहीत. मुलगा म्हणाला, ‘सर, मी मेसेज केला होता.’

सोलापूरच्या वाचकाला आता कारण सांगायला नको. त्या दिवशी गड्ड्यातला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतला, अक्षता सोहळा होता. मास्तर पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मिरवणुकीत होते आणि फोन घरी खुंटीवर. कारखान्यात वॉचमन सोडून कुणी नव्हतं. सोलापुरात पोटमाळ्यावर बसणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागलं नसतं. आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निम्मा कारखाना रिकामा होताना त्याने डोळ्यांनी पाहिला असता आणि जिना उतरून आकडे आधीच वहीतून उतरवून घेतले असते. पुण्याच्या मुलाला गड्डा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

कंटेनर त्या जहाजावर चढलाच नाही, पुढच्यावर ढकलला गेला, आमच्या भाषेत ‘रोल’ झाला. आठवडाभर उशीर. खरेदीदाराने बिलातून 2 टक्के कापले. मालकांनी मुलाला दोनदा सुनावलं, मग दिवसातून दहा-बारा फोन सुरू केले, आणि मार्चमध्ये तो गेला.

मेल वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. ‘कार्यालयीन वेळ’ म्हणजे दहा ते सहा, असं मुलाने धरलं होतं. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असतं. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे दुपारचा दीड. म्हणजे खरेदीदाराचं ऑफिस उघडल्यावर मुलाच्या हातात साडेचार तास उरायचे, आणि जर्मन माणसाने जेवण उरकून दुपारी लिहिलेल्या मेलला उत्तर दुसऱ्या दिवशी मिळायचं. खरेदीदाराची तक्रार हीच होती. मालकांना वाटायचं मुलगा आळशी आहे. मुलगा मात्र ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं तंतोतंत पाळत होता.

माझा निष्कर्ष मी मालकांना तिथेच सांगितला आणि त्यांना तो आवडला नाही : मुलाची चूक होतीच, तीन मेसेज टाकून वाट बघत बसायला नको होतं. पण मेसेजला उत्तर आलं नाही तर किती वेळाने फोन करायचा, फोन लागला नाही तर कुणाला गाठायचं, हे त्याला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. ऑफिसात हे न सांगता कळतं, कारण तिथे शेजारचा माणूस ‘अरे, मास्तर आज नाहीत’ म्हणतो. घरी बसलेल्या माणसाला शेजारी नसतो.

मुलाखतीआधी काम

दुसऱ्या भरतीत मला दोनच गोष्टी बघायच्या होत्या. कुणी विचारत नसताना हा माणूस स्वतःचं काम कसं चालवतो, आणि अडलं की कसं कळवतो. या दोन्ही गोष्टी गप्पांमध्ये दिसत नाहीत. ‘तुम्ही शिस्तीने काम करता का?’ या प्रश्नाला आजवर कुणी ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. म्हणून मुलाखतीआधी उमेदवाराला खरं काम करायला लावायचं, आणि ते करताना त्याला एकटं सोडायचं, असं ठरवलं.

जाहिरातीला 74 अर्ज आले. प्रत्येकाला तीन प्रश्न लेखी पाठवले. त्यातला कामाचा प्रश्न एकच होता : ‘दूर बसलेल्या माणसाकडून वेळेत माहिती आली नाही, असा अलीकडचा प्रसंग आठवा. तुम्ही काय केलं, कोणत्या क्रमाने आणि किती वेळाने?’ यावर तारीख-वार आणि माणसांसकट उत्तर देणारे 19 निघाले. बाकीच्यांनी ‘मी नेहमी पाठपुरावा करतो’ छापाची वाक्यं लिहिली होती. त्या 19 जणांमधून सहा जणांना सरावाचं काम दिलं. अडीच-तीन तासांचं काम, प्रत्येकी 1,000 रुपये, निवड होवो न होवो. फुकट काम करून घेऊ नये हे तर आहेच, पण पैसे दिले की उमेदवार ते परीक्षेसारखं न करता कामासारखं करतो, असा माझा अनुभव आहे.

कामात एक बनावट ऑर्डर होती : 1,200 बाथ टॉवेल, 70 बाय 140 सेंटिमीटर, एका कार्टनमध्ये 40 नग. सोबत खरेदीदाराचा मेल, कारखान्याचा निरोप आणि पॅकिंग लिस्ट. त्यावरून इनव्हॉइसचा मसुदा आणि खरेदीदाराला एक उत्तर तयार करायचं. यात दोन खड्डे मुद्दाम ठेवले होते. पॅकिंग लिस्टवर कार्टन 29 लिहिले होते. 40 ने भागलं तर 30 यायला हवेत. आणि खरेदीदाराने ‘शुक्रवारपर्यंत पाठवा’ म्हटलं होतं. कोणता शुक्रवार आणि पाठवा म्हणजे कारखान्यातून की बंदरातून, काहीच नाही.

सूचना फक्त तीन होत्या. काम चार दिवसांच्या आत कधीही द्या, पण कधी देणार ते आज स्वतः ठरवून कळवा. प्रश्न असतील तर या मेलवर विचारा. वेळेत बदल झाला तर सांगा. शेवटचं वाक्य मी जाणूनबुजून इतकं साधं ठेवलं. किती आधी सांगायचं ते लिहिलं नाही.

सहापैकी एकाने काम पाठवलंच नाही आणि कळवलंही नाही. दोघांना 29 चा आकडा दिसलाच नाही. उरलेल्या तिघांची गोष्ट सविस्तर सांगते.

पहिला पुण्याचा. इंग्रजी सुरेख, इनव्हॉइस देखणी, सांगितलेल्या वेळेच्या एक तास आधी हजर. त्याने 29 चे 30 करून टाकले होते, कुणालाही न विचारता. मुलाखतीत विचारलं तर म्हणाला, ‘टायपिंग मिस्टेक होती, ऑब्व्हियस होतं.’ असेल. पण खऱ्या कामात एक कार्टन खरंच भरायचा राहिलेला असू शकतो. मग कागदावर 30 आणि कंटेनरमध्ये 29 निघाले की तिकडचा माणूस पुढच्या वेळी प्रत्येक कार्टन उघडून मोजतो.

दुसरा सोलापूरचाच, नई जिंदगी भागातला मुलगा. हुशार आणि तरतरीत. त्याने मेलचा पत्ता सोडून माझा व्हॉट्सअ‍ॅप नंबर शोधून काढला आणि एका संध्याकाळी सात प्रश्न विचारले, एकेक करून. ‘मॅडम एक विचारू?’ हा मेसेज धरून चौदा. खड्डे दोन्ही सापडले होते. पण त्याच्या शंका ज्याला सोडवाव्या लागतील त्याची संध्याकाळ गेलीच समजा.

तिसरी पंढरपूरची. आधी मुंबईत, निर्यातीचा माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एका फॉरवर्डरकडे तीन वर्षं काम केलेलं. इंग्रजी साधं, छोटी वाक्यं. तिचा एकच मेल आला, त्यात तीन क्रमांक घातलेले प्रश्न, आणि प्रत्येकाखाली एक ओळ : ‘उद्या अकरापर्यंत उत्तर आलं नाही तर मी असं धरून पुढे जाईन.’ कार्टनच्या प्रश्नाखाली मात्र लिहिलं होतं : ‘यावर मी काही धरणार नाही. मोजणी झाल्याशिवाय इनव्हॉइस मसुदाच राहील.’

हे वाक्य मी मालकांना मोठ्याने वाचून दाखवलं. आपण होऊन काय ठरवायचं आणि काय ठरवायचं नाही, हे तिला कळत होतं, आणि ते तिने समोरच्याला कळेल असं लिहिलं होतं.

मालकांचा आक्षेप

गोची पुढे झाली. तिने काम बुधवारी संध्याकाळी सहाला देईन म्हटलं होतं. बुधवारी दुपारी दोनला मेल आला : सकाळपासून वीज नाही, बॅटरी संपत आली आहे, काम दोन तृतीयांश झालंय, गुरुवारी सकाळी दहाला देते, आजच हवं असेल तर झालेलं तसंच पाठवते. गुरुवारी नऊ चाळीसला काम आलं.

मालक म्हणाले, ‘मॅडम, पहिल्याच कामाला उशीर. आणि तुम्ही हिलाच घ्या म्हणताय?’

आमची त्यावर तासभर वादावादी झाली, हिशेबनीसांनी मध्ये चहा सांगितला तेवढीच विश्रांती. माझं म्हणणं असं होतं की उशीर होणारच. वीज जाणार, नेट बंद पडणार, पाण्याचा दिवस असणार. (सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि त्या वेळी घरातल्या प्रत्येकाला बादल्या-पिंपांच्या रांगेत उभं राहावं लागतं. घरून काम करणाऱ्याचं ‘मीटिंगमध्ये आहे’ नळाला कळत नाही.) प्रश्न उशीर होतो का हा नाहीच, तो आपल्याला किती आधी कळतो हा आहे. जानेवारीत पाचची वेळ हुकल्याचं सहाला कळलं. इथे सहाची वेळ हुकणार हे दोनला कळलं, नवी वेळ मिळाली, पर्यायही मिळाला, आणि नवी वेळ पाळली गेली. चार तास हातात असतील तर मालक स्वतः गाडी काढून मास्तरांच्या घरी जाऊ शकतात.

ते गप्प झाले, पण पटलं असं नाही. मग त्यांच्या पुतण्याने फोनवर एक बातमी दाखवली की घरून काम केलं तर 13 टक्के जास्त काम होतं, संशोधनात सिद्ध झालंय. हा आकडा सगळीकडे फिरतो म्हणून त्याबद्दल थोडं. तो निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातला आहे, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या. सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग चालला. पण त्यात घेतलेले लोक आपणहून पुढे आलेले, कंपनीत किमान सहा महिने काम केलेले आणि घरी कामासाठी स्वतंत्र खोली नि ब्रॉडबँड असलेले होते. शिवाय प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे पुन्हा ऑफिसात गेले, एकटेपणा हे त्याचं एक मोठं कारण. म्हणजे नव्या माणसाला, ज्याने कारखाना पाहिलेला नाही, पहिल्या दिवसापासून एकट्याला घरी बसवलं तर काय होतं याचं उत्तर त्या 13 टक्क्यांत नाही. पुतण्या जरा हिरमुसला. पण स्वतंत्र खोलीचा मुद्दा आणि आधी ओळख होऊ देण्याचा मुद्दा आम्ही तिथूनच उचलला.

मुलाखतीत मालकांना पहिला प्रश्न विचारायचा होता, ‘घरी कोण कोण असतं? लहान मुलं?’ तो मी त्यांना विचारू दिला नाही. बाईला हे विचारायचं आणि पुण्याच्या मुलाला नाही, हे बरोबर नाही, आणि उत्तरातून कामाचं काही कळतही नाही. त्याऐवजी तिघांनाही तोच प्रश्न त्याच शब्दांत : ‘तुमच्या घरी कामाच्या वेळेत कशाकशाने अडथळा येतो आणि तेव्हा तुम्ही काय करता?’ पुण्याच्या मुलाने ‘काहीच नाही’ सांगितलं. नई जिंदगीच्या मुलाने मनापासून हसत ‘सगळंच’ म्हटलं. पंढरपूरच्या बाई म्हणाल्या, ‘आषाढीचे चार-पाच दिवस. आमच्या गल्लीत वारकरी उतरतात, फोनला रेंज राहत नाही. तेव्हा मी सोलापूरला आत्याकडे येऊन काम करते. त्या काळात जहाज असेल तर मला आधी सांगा, म्हणजे दोन दिवस लवकर निघते.’

मालकांचा सूर इथे बदलला. ‘हिला गड्डा सांगावा लागणार नाही बघा,’ एवढंच बोलले.

बाईंच्या आधीच्या साहेबांना मी फोन केला. ‘कशी आहे?’ असं विचारलं की सगळे ‘छान’ म्हणतात, म्हणून तसं विचारलं नाही. विचारलं : ‘तिला दिलेल्या कामाची तुम्हाला आठवण करून द्यावी लागायची का? शेवटची कधी लागली?’ ते थांबले, आठवून म्हणाले, ‘आठवण मला तीच करून द्यायची. कधी कधी वैताग यायचा.’ मी हे उत्तर जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलं.

एक मान्य करते. चार दिवसांचं काम म्हणजे चार दिवसांची शिस्त. तेवढी कुणीही दाखवू शकतो. आठव्या महिन्यात, कुणी बघत नसताना, पाऊस पडत असताना माणूस कसा वागेल हे कुठल्याच चाचणीत दिसत नाही. आधीच्या साहेबांचं उत्तर त्याच्या जरा जवळ जातं. बाकीचं ऑफर लेटर आणि पहिल्या तीन महिन्यांवर सोडावं लागतं.

एका पानाचं तीन पानी झालं

ऑफर लेटर लिहायला आम्हाला मुलाखतींपेक्षा जास्त वेळ लागला. जानेवारीत जे जे न सांगता राहिलं होतं ते एकेक करून वाक्यात आणायचं होतं, आणि ते वकिली भाषेत नको होतं.

वेळेबद्दलचं कलम असं झालं : ‘रोज दुपारी 1.30 ते 6.30 या वेळेत कामावर, फोन आणि मेलवर हजर राहणं बंधनकारक. उरलेले तीन तास सोयीने, पण कोणते ते आदल्या दिवशीच्या नोंदीत लिहावेत.’ ही पाच तासांची खिडकी हवेतून आली नाही. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे दीड म्हणजे तिकडचे दहा किंवा नऊ. दोन्ही ऋतूंत त्यांचं ऑफिस उघडलेलं असतं.

मेसेजला उत्तर आलं नाही तर काय, याचं कलम मी सर्वांत जपून लिहिलं : ‘शिपमेंटची माहिती मागितल्यावर एका तासात उत्तर नसेल तर फोन करावा. फोन लागला नाही तर अर्ध्या तासाने हिशेबनीसांना, आणि तिथेही नाही तर थेट मालकांना. शिपिंग लाईनच्या शेवटच्या वेळेआधी चार तास माहिती हाती नसेल तर वरची पायरी न पाहता मालकांना फोन. मेसेज पाठवला म्हणजे कळवलं असं धरलं जाणार नाही.’ शेवटचं वाक्य मालकांना फार आवडलं.

खरेदीदाराच्या मेलला त्या पाच तासांत दोन तासांच्या आत पोच, उत्तर तयार नसलं तरी ‘मिळालं, उद्या बारापर्यंत सांगते’ एवढी. संध्याकाळी सातपर्यंत दिवसाची नोंद, चार ओळींची : झालेलं, अडलेलं, कुणाकडे अडलं, उद्याचं. लॅपटॉप कारखान्याचा, दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला डोंगल कारखान्याचा, घरच्या इंटरनेटचं बिल कारखान्याकडे. वीज एका तासापेक्षा जास्त गेली तर कळवायचं आणि कुठून काम करणार ते सांगायचं. सोबत सुट्ट्यांची यादी जोडली, त्यात सोलापूरची गड्ड्याची आणि नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाची, तशीच जर्मनीतली नाताळ-ईस्टरचीही. पहिले दहा दिवस कारखान्यात येऊन बसायचं, मास्तरांसोबत खात्यात उभं राहायचं. नंतर महिन्यातून दोन दिवस, येण्या-जाण्याचा खर्च कारखान्याचा आणि ते दिवस कामाचेच धरायचे. पगार 34,000. प्रोबेशन तीन महिने, आणि तिसाव्या व साठाव्या दिवशी समोरासमोर बसून काय बघितलं जाईल तेही लिहिलं : एकही शेवटची वेळ हुकली का, कागदात चुका किती, अडलेलं वेळेत कळलं का. लॅपटॉपसमोर किती तास बसलात, हे त्यात नव्हतं.

मग मालकांची बाजू. मी लिहिलं : ‘सकाळी 10 च्या आधी आणि रात्री 8 नंतर मालक फोन करणार नाहीत, जहाजाच्या शेवटच्या वेळेचा प्रश्न सोडून. कामाच्या वेळेत फक्त कुठे आहात हे विचारायला फोन केला जाणार नाही.’

मालक उखडले. ‘मी पगार देणार आणि मीच सही करणार की मी फोन करणार नाही? उद्या हाच कागद माझ्यासमोर नाचवतील.’

मी म्हटलं, नाचवू देत. दिवसाला बारा फोन घेणारा माणूस कागदं कधी करणार? पहिल्या मुलाच्या शेवटच्या महिन्यातल्या चुका मोजून दाखवल्या; फोन वाढले तशा चुकाही वाढल्या होत्या. दोन दिवसांनी त्यांनी सही केली, ‘फक्त’ शब्दाखाली रेघ मारून.

ऑफर लेटर मिळाल्यावर बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. दोन दुरुस्त्या मागितल्या. कारखान्यात आलेल्या दिवशी आवाजामुळे आणि खात्यातल्या कामामुळे दोन तासांत पोच देणं जमेलच असं नाही, तेव्हा त्या दिवशी चार तास करा. आणि आषाढीत सोलापुरातून काम करण्याचं लेखी घ्या, म्हणजे दर वर्षी नव्याने विचारावं लागणार नाही. मालकांना ही घासाघीस वाटली. मला मात्र हायसं वाटलं. तीन पानं न वाचता ‘अ‍ॅक्सेप्टेड, थँक यू सर’ पाठवणारा उमेदवार मला घाबरवतो.

सहावा आठवडा

जूनमध्ये त्या रुजू झाल्या. आषाढी पार पडली, त्या आत्याकडे येऊन राहिल्या, एक शिपमेंट त्याच आठवड्यात वेळेत गेलं. तिसाव्या दिवशीच्या बैठकीत सांगण्यासारखं काही नव्हतं.

साठाव्या दिवशी मी नोंदी चाळल्या तेव्हा सहाव्या आठवड्यापासून त्या आक्रसल्याचं दिसलं. चार ओळींच्या दोन झाल्या होत्या. काही दिवशी नुसतं ‘काम नेहमीप्रमाणे’. मालक लगेच माझ्याकडे बघून म्हणाले, ‘बघा. सुरुवातीचा उत्साह.’

मी मागच्या नोंदी काढल्या. सहाव्या आठवड्याच्या सोमवारी ‘अडलेलं : निळ्या शेडच्या लॉटचं वजन, मास्तरांकडे.’ मंगळवारी तेच. बुधवारी तेच, सोबत ‘मास्तरांशी बोलले, त्यांना तुमची परवानगी हवी आहे.’ गुरुवारी त्यांनी मालकांना फोन केला, काम झालं. शुक्रवारपासून नोंद दोन ओळींची. बाईंना विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, ‘वाचत नाहीत असं वाटलं. मग पूर्ण लिहून काय करायचं?’

मालकांनी कबूल केलं की ते नोंद उघडतच नव्हते. शेवटची वेळ हुकत नव्हती, म्हणून गरज वाटली नाही. नोंद कुणी लिहायची, किती वाजता, किती ओळी, हे सगळं मी ऑफर लेटरमध्ये घातलं होतं. ती कुणी वाचायची आणि कधी उत्तर द्यायचं, हे घालायला मीच विसरले होते. ही माझी चूक. त्याच बैठकीत एक ओळ वाढवली : ‘‘अडलेलं’ या ओळीला मालक दुसऱ्या दिवशी सकाळी 11 पर्यंत उत्तर देतील, उत्तर “थांबा” असलं तरी.’ दोघांनीही त्यावर सह्या केल्या. नोंदी पुन्हा चार ओळींच्या झाल्या, तेही त्याच आठवड्यापासून.

प्रोबेशन सप्टेंबरात संपलं. आता माझं काम उरलं नव्हतं, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी मालकांनी त्या दिवशीची नोंद मला पाठवली. ‘उद्याचं’ या ओळीत बाईंनी लिहिलं होतं : ‘या रविवारी जर्मनीची घड्याळं एक तास मागे जातील. सोमवारपासून त्यांचं ऑफिस आपल्याकडे साडेबाराऐवजी दीडला उघडेल. त्यामुळे माझे सोयीचे तीन तास सकाळी साडेदहा ते दीड करते. खरेदीदाराला तसं कळवलं आहे.’

खाली मालकांचा प्रश्न होता : ‘मॅडम, तिकडची घड्याळं मागे जातात म्हणजे नेमकं काय करतात?’